अमिताबाईंचा आरत्यांचा साठा

अमिता खवसे यांना देवाची आवड लहानपणापासून होती, असं त्या सांगतात. मी निवृत्त शाळामास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो. मला ती आवड तीन वर्षांपासून दिसू लागली. त्याच सुमारास त्यांच्याकडे नवा फोन आला होता.

त्याआधी त्यांची पूजा चार मिनिटांत उरकायची. देव धुतले, पुसले, कुंकू लावलं, उदबत्ती फिरवली, झालं. नवरा विनोद खवसे, सौसरच्या बाजारात मोटारपंपांचं दुकान. घरात सासरे भैय्याजी, वय अठ्ठ्याहत्तर, तोंडाचे फटकळ आणि आवाजाला खणखणीत. मुलगी शिकायला भोपाळला गेलेली. दुपारचा वेळ खायला उठायचा. अशाच एका दुपारी अमिताबाईंनी ‘प्रसन्न देवघर’ नावाचा चॅनल काढला. रोज सकाळी साडेसहाला चाळीस सेकंदांचा एक छोटा व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट. दिवा लावायचा, घंटी वाजवायची, एक वाक्य बोलायचं आणि हात जोडून हसायचं.

वाक्यं साधीच असायची. ‘मन साफ ठेवा, देव आपोआप येईल.’ लोकांना ती आवडली. पुण्याच्या, अमरावतीच्या बाया खाली हात जोडलेली चित्रं टाकू लागल्या. रोजचे दहा-अकरा हजार लोक अमिताबाईंचा दिवा पाहू लागले. मग देवघराला नवा पडदा आला, खिडकीतल्या उजेडाच्या सोयीनं देवांचं तोंड फिरलं, आणि चार मिनिटांची पूजा पाऊण तासाची झाली. नैवेद्याचा शिरा आठ वेळा पुढून-मागून दाखवून होईपर्यंत गार व्हायचा. भैय्याजी जेवणाच्या ताटावरून विचारायचे, “देवाचं झालं असन तं आता माणसाले वाढून राहिली का?”

मागच्या फेब्रुवारीत अमिताबाईंना ताप आला. दोन दिवस दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण असताना त्यांनी कसाबसा शॉर्ट टाकला, तर तो नऊशे लोकांनी पाहिला. त्या दिवशी त्या तापापेक्षा जास्त फणफणल्या.

“दोन दिवस तं गेले,” त्या मला भिंतीवरून म्हणाल्या, “तेवढ्यात लोकं विसरले मले.”

“देव विसरला नसंन,” मी म्हणालो.

“देवाचे व्ह्यूज कोण मोजून राहिलं, गुरुजी?”

त्यांनी पांढुर्ण्याहून ऋतुजाला बोलावलं. ऋतुजा ही विनोदची भाची. लग्नांचे आणि ब्यूटीपार्लरांचे व्हिडिओ काढते आणि या धंद्यातलं सगळं तिला कळतं. रविवारी बसनं आली, देवघरासमोर मांडी घालून बसली आणि मामीची तिनं शाळा घेतली.

“मामी, आजारपणासाठी अन् गावाले जायच्या दिवसांसाठी साठा करून ठेवा लागते. तीसेक शॉर्ट. केव्हाही टाकले तरी शिळे नाही वाटले पाहिजेत.”

“म्हणजे कसे?”

“म्हणजे ‘आज’ म्हणायचं नाही. तारीख नाही, तिथी नाही, सण नाही. ‘उन्हाळा आला’, ‘थंडी वाढली’, काही नाही. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पयले काढा. सध्या चालून राहिलेलं गाणं लावायचं नाही. महिन्याभरानं ते जुनं होते, अन् कोणाच्या मालकीचं असलं तं आवाजच बंद करून टाकतात. आपल्याच घंटीचा आवाज घ्या.”

“अन् वार?”

“वार चालते. सोमवारचा शंकर, शुक्रवारची देवी, शनिवारचा मारुती. पण फोनात वारानं वेगळे डबे करा. नाहीतं मंगळवारी शंकर निघून येईन.”

अमिताबाईंनी मुलीची जुनी वही काढली. प्रत्येक शॉर्टला नंबर, वार, साडीचा रंग, किती सेकंद, टाकला की बरोबरची खूण. लागोपाठच्या दोन शॉर्टांत एकच साडी नको, हा नियम ऋतुजानं लाल शाईनं लिहून दिला.

पुढचे तीन रविवार खवसेंच्या घरात देवाला उसंत नव्हती. खिडकीतला चांगला उजेड सकाळी साडेनऊपर्यंतच टिकायचा. तेवढ्यात सात-आठ शॉर्ट काढायचे. अमिताबाई आतल्या खोलीत साडी बदलायच्या, तोवर विनोद देवांची फुलं बदलायचा. मग तो थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभा राहायचा, म्हणजे बायकोच्या चेहऱ्यावर उजेड उलटून पडावा. पंपाची मोटार खांद्यावर नेणारा माणूस, पण थर्माकोल धरून त्याचे हात भरून यायचे. पहिला दिवा लावताना समईत तेल काठोकाठ असायचं, सातव्याला तळाशी जायचं. ऋतुजानं ते पकडलं. “सात दिवसांत एकदाबी तेल नाही घातलं असं दिसून राहिलं, मामी.” मग प्रत्येक वेळी तेल काठोकाठ भरण्याचा नियम झाला. खरी फुलं उन्हानं मान टाकायची, म्हणून कापडी आणली. एकदा उत्तम जमलेला शॉर्ट फुकट गेला, कारण मागून हातगाडीवाल्याची हाळी ऐकू आली, ‘मृगाचा संत्रा घ्या, मृगाचा!’ मृग बहाराचा संत्रा मार्चाच्या सुमारास विकतात, श्रावणात नाही, हे पुण्याच्या बायांना कळलं नसतं, पण अमरावतीच्या बायांनी तो लगेच पकडला असता.

तरी साठा पुरेना. अमिताबाईंकडची वाक्यं संपली. तेव्हा विनोदला बाप आठवला.

भैय्याजी देवघराकडे फारसे फिरकत नसत. तंबाखू मळत ओसरीत बसायचे. त्यांना संत्र्याच्या बर्फीवर राजी करण्यात आलं. टोपी काढायला लावली, खांद्यावर भगवा शेला दिला, हातात घंटी दिली.

“काय बोलू?”

“काहीबी चांगलं बोला, बाबूजी,” अमिताबाई म्हणाल्या. “फक्त ‘आज’ म्हणू नका.”

म्हातारा तोंडातला तंबाखू थुंकून आला. मग बोलला, “जेवण झाल्यावर शंभर पावलं चाला. देवाचं नाव घेत चालाल तं देव भेटन. नाही घेतलं तरी पोट तं साफ होईन.” आणि घंटी वाजवली.

ऋतुजा हसता हसता खाली बसली. एका बैठकीत भैय्याजींचे नऊ शॉर्ट झाले. दहाव्याला ते बर्फी संपल्याचं कारण सांगून उठले. साठा बत्तीसवर गेला. अमिताबाईंनी वहीवर हळदकुंकू वाहिलं.

मे महिन्यात विनोद आणि अमिताबाई ट्रॅव्हल्सच्या बसनं ओंकारेश्वर, उज्जैन, तिथून पुढे द्वारका अशा बारा दिवसांच्या यात्रेला निघाले. निघण्याआधी अमिताबाईंनी पंधरा शॉर्ट चॅनलवर चढवून त्यांना तारीख आणि वेळ लावली. बारा यात्रेचे, तीन आल्यावरच्या थकव्याचे. देवदर्शनाला जाताना घरचा देव कोण पाहील याची त्यांना काळजी नव्हती. तो साडेसहाला आपोआप दिसणार होता. भैय्याजींकडे पाहायला त्यांची बहीण अंबाबाई लोधीखेड्याहून येऊन राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी ओसरीत चहा पीत असताना बशी हातातून पडली. मी धावत गेलो, डॉक्टरला आणलं. डॉक्टरनं नाडी पाहून बशीचे तुकडे पायानं बाजूला सारले आणि मान हलवली.

विनोद आणि अमिताबाई ओंकारेश्वरला दर्शनाच्या रांगेत होते. भाड्याची गाडी करून दुपारी चारपर्यंत पोचले. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. घराला सुतक लागलं. देवघराचा नवा पडदा ओढून घेतला. तेरा दिवस घरात दिवा नाही, घंटी नाही. फोनकडे बघायचं भान कोणाला होतं?

चौथा दिवस शुक्रवार होता. ओसरीत सतरंज्या टाकलेल्या. भैय्याजींचे चुलतभाऊ गुणवंता काकाजी लोडाला टेकून बसले होते. या घराण्यात कोणाला किती दिवसांचं सुतक, कोणी केव्हा डोकं भादरायचं, कोणी गोड खायचं नाही, हे सगळं काकाजी ठरवतात. तोंडात रोज चार वेळा धर्म असतो, पण भैय्याजी होते तोवर या ओसरीत कधी डोकावले नव्हते. ते दहाव्याच्या तयारीचं सांगत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका फोनमधून खणखण घंटी वाजली. पाठोपाठ अमिताबाईंचा आवाज, “प्रसन्न मुखानं देवीला नमस्कार करा, घरात लक्ष्मी नांदेल.”

फोन एका सुनेच्या हातात होता. तिनं तो घाईनं पदराखाली घातला, पण आवाज पदराखालूनही येत राहिला. फोन हातोहात फिरला. लालभडक साडी, केसांत गजरा, समईत काठोकाठ तेल आणि अमिताबाई हसताहेत.

काकाजींनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. “सासऱ्याची राख गरम आहे अजून,” ते म्हणाले, “अन् सून आरती करून राहिली?”

अमिताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात पिठाचे. “आजची नाही, काकाजी. मार्चातली आहे. तारीख लावून ठेवली होती.”

“मग दिसली आज कशी?”

“आजच दिसावी म्हणूनच लावली होती, पण...”

“म्हणजे तुले माहीत होतं.”

“बाबूजी जातील हे कसं माहीत असन?”

विनोद मध्ये पडला. त्यानं समजावून सांगितलं की फोनला एकदा सांगून ठेवलं की तो आपलं आपण करतो, टाइमर लावलेल्या मोटारीसारखं, घरी कोणी असो नसो, पाणी सुरू होते. काकाजींना मोटारीचं पटलं, पण धर्माचं पटेना. दिवा मार्चात लावला, उजेड मे महिन्यात पडला, मग सुतकात पूजा झाली की नाही झाली? एकानं म्हटलं, लावला तेव्हा सुतक नव्हतं. दुसऱ्यानं म्हटलं, पण देवानं तं आज पाह्यला. तिसऱ्यानं विचारलं, सुतक करणाऱ्याले लागते का पाहणाऱ्याले? पाऊण तास हा शास्त्रार्थ चालला. मेलेल्या माणसाचं नावही त्यात कोणाच्या तोंडी आलं नाही.

अंबाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कनवटीचा फोन काढला. “गुणवंता,” त्या म्हणाल्या, “घराण्याच्या ग्रुपवर सकाळी पावणेसातले हेच टाकलं तू. खाली दोन फुलं अन् जोडलेले हात. मले वाटलं तुले चालते.”

ओसरीत कोणी हसलं नाही, पण बऱ्याच जणांना एकदम खोकला आला. काकाजींनी चष्मा काढून पुसला. चॅनल कोणाचा ते न पाहताच त्यांनी शॉर्ट पुढे पाठवला होता. रोजच पाठवत असत.

त्यानंतर निर्णय लवकर लागला. पूजेचे शॉर्ट थांबवा, असं काकाजी म्हणाले, आणि झालेल्याचं प्रायश्चित्त म्हणून दहाव्याला गाईला घास द्या. अमिताबाईंनी तिथंच ऋतुजाला फोन लावला. ती म्हणाली, त्यात काय, तारीख काढून खासगी करून टाका. अमिताबाई एकेक काढू लागल्या. शनिवारच्या शॉर्टवर त्यांचं बोट थांबलं. तो भैय्याजींचा होता.

विनोद खांद्यावरून पाहत होता. मग हळूच म्हणाला, “काकाजी, यात बाबूजी पूजा नाही करून राहिले. नुसते बोलून राहिले.”

“घंटी?”

“घंटी कापता येते.”

काकाजींनी विचार केला. गेलेला माणूस स्वतः बोलत असेल तर त्याला सुतक लागत नाही, असं त्यांच्या शास्त्रात निघालं. वहीत पाहिलं तर भैय्याजींचे नऊच्या नऊ शॉर्ट शिल्लक होते, चार तारीख लावलेले, पाच डब्यात. आणि शनिवारपासून तेरवीपर्यंत दिवसही नऊच होते. विनोदच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधान म्हणू नये, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. दुकानात अमुक नंबरचा पंप मागितला आणि तोच कपाटात निघाला, की त्याचा चेहरा तसाच होतो.

शनिवारी साडेसहाला भैय्याजी शंभर पावलं चालायला सांगून गेले. ‘बाबूजींना शंभर वर्षं आयुष्य लाभो’ अशी पहिली प्रतिक्रिया आली. तिच्याखाली कोण्या नातेवाईकानं लिहिलं की बाबूजी मंगळवारीच गेले. मग काय विचारता. लोकांनी तो शॉर्ट एकमेकांना पाठवला. तिसऱ्या दिवशी आकडा दोन लाखांवर गेला. थर्माकोल धरून कंटाळलेला विनोद आता पाहुण्यांना पाणी देता देता आकडा सांगू लागला. भैय्याजी जिवंत असताना त्यांचं ऐकायला ओसरीत कोणी बसत नव्हतं. घरचे उठून जायचे, आणि मीही भिंतीआडून खिडकी लावून घ्यायचो. आता सतरंजीवर बसलेली माणसं मान वाकवून, कानाशी फोन धरून त्यांचंच ऐकत होती.

अमिताबाईंनी पहिले चार-पाच दिवस काही पाहिलं नाही. पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक होता. नवव्या दिवशी सकाळी त्या मागच्या अंगणात भांड्यांजवळ बसल्या होत्या. मी दूध द्यायला गेलो तर फोन हातात होता. भैय्याजी बोलणं संपवून कॅमेऱ्याच्या जरा बाजूला पाहतात, भुवई उचलतात, तेवढ्यावर शॉर्ट संपतो.

“हे पाहून राहिले ना, ते माझ्याकडे पाहून राहिले, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “झालं का व, म्हणून विचारून राहिले.” त्यांनी तो पुन्हा लावला. “मी तेव्हा नाही म्हणून मान हलवली. अजून एक घेऊ म्हटलं.”

मग त्या रडल्या. सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच. कारण तोवर त्यांना वेळच मिळाला नव्हता.

तेरवी झाली, पडदा उघडला, गोष्ट इथं संपायला हवी. पण दोन लाखांचा आकडा काकाजींनीही ऐकला होता. पंधरा दिवसांनी ते सकाळी आठला हजर. मिशीला कलप, अंगावर नवं उपरणं.

“भैय्याजीचं संपलं म्हणतात,” ते म्हणाले. “म्हटलं आपण बोलू. वडीलधारं माणूस पाहिजे घरात.”

नाही म्हणायची सोय नव्हती. विनोदनं थर्माकोल धरला. काकाजी सुरू झाले, “आजकालच्या सुना...”

“काकाजी, ‘आज’ नाही म्हणायचं. ‘आजकाल’बी नको. कधीही चाललं पाहिजे.”

“बरं.” घसा खाकरला. “हल्लीच्या पोराईले...”

दहा वेळा झालं. काकाजींना त्रिकाल टिकणारं असं काही बोलताच येईना. आजच्या काळाला नावं ठेवण्यापलीकडे त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि चांगल्याचं उदाहरण द्यायचं तर ते जमिनीच्या वाटणीवर जायचे. तासाभरानं ऊन सरकलं. अमिताबाईंनी त्यांना चहा दिला, सगळं छान झालं म्हणाल्या, आणि ते गेल्यावर दहाही पुसून टाकले. काकाजी अजून विचारतात, आपला केव्हा येऊन राहिला? अमिताबाई सांगतात, साठ्यात आहे.

त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला आहे, सुतकाचा. त्यात देव नाही, दिवा नाही, नुसती वाक्यं आणि मागे तुळस. ऋतुजाला विचारून असे चौदा केले. सोबत विनोदला, तिला आणि मलाही चॅनलचा पासवर्ड दिला, म्हणजे कोणी मेलं तर बाकीच्यांनी तारखा काढाव्यात. कोण मेलं तर, ते त्या बोलल्या नाहीत.

सप्टेंबरात सौसरात डेंग्यू आला आणि त्यांना धरलं. नऊ दिवस दवाखान्यात. साठ्यानं काम चोख केलं. रोज साडेसहाला दिवा लागला, वाराप्रमाणे साडी बदलली, एकदाही मंगळवारी शंकर निघाला नाही. आकडा तसूभर हलला नाही. इतका हलला नाही की भेटायला कोणी आलंच नाही. पांढुर्ण्याची नणंद, गल्लीतल्या बाया, सगळ्यांनी त्यांना सकाळीच पाहिलं होतं, टवटवीत, गजरा माळलेल्या. आजारी आहेत हे विनोद सांगे, तर लोक हसून म्हणत, “काऊन खोटं बोलता, भाऊ?”

सहाव्या दिवशी मी मोसंब्या घेऊन गेलो. अमिताबाई खाटेवर, ओठ सुकलेले, हाताला सलाइन, केसांचा गुंता. दीपाली नावाची तरुण नर्स सुई तपासत होती. तिच्या दुसऱ्या हातातल्या फोनवर अमिताबाईंच्या शॉर्टची घंटी वाजली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

“मावशी, ही तुमची बहीण आहे का?”

अमिताबाईंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या.

“मोठी का लहान?”

“लहान.”

“रोज पाहतो आम्ही. भारी प्रसन्न आहे. तुमाले भेटायले नाही आली?”

“तिले वेळ नाही मिळत,” अमिताबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली.